अंगठा ते पडदा: गेममधला उशीर नेमका कुठे होतो?

कंट्रोलरचे बटण दाबल्यापासून टीव्हीच्या पडद्यावर त्याचा परिणाम दिसेपर्यंत थोडा वेळ जातोच. कन्सोल कितीही महागडा असला तरी हा वेळ शून्य नसतो. सगळे नीट जुळलेले असेल, तर सेकंदाला 60 फ्रेम दाखवणाऱ्या खेळात तो बहुधा एक दशांश सेकंदाच्या आसपास राहतो आणि हाताला खटकत नाही. तो दुप्पट झाला की मात्र पडद्यावरचा खेळाडू जड वाटू लागतो, नेम चुकतो, उडी उशिरा लागते. अशा वेळी घरोघरी पहिला संशय इंटरनेटवर जातो. कंपनीला फोन होतो, जास्त वेगाचा प्लॅन घेतला जातो, आणि खेळ होता तसाच जड राहतो. कारण पुष्कळदा हा उशीर इंटरनेटवर झालेलाच नसतो, तो समोरच्या टीव्हीत झालेला असतो.

‘लॅग’ या एकाच शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी येतात. पहिली म्हणजे कंट्रोलरकडून कन्सोलपर्यंत बटणाची खबर पोहोचायला लागणारा वेळ. दुसरी, कन्सोलने पाठवलेले चित्र टीव्हीने प्रत्यक्ष दाखवायला घेतलेला वेळ, म्हणजे टीव्हीचा इनपुट लॅग. तिसरी, घरातून दूरच्या सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ, म्हणजे नेटवर्क लॅग. या तिन्हींच्या मध्ये खेळाचा स्वतःचाही वेळ असतो: बटण वाचणे, हालचाल ठरवणे आणि चित्र काढणे. पडद्यासमोर बसलेल्याला या सगळ्यांची फक्त बेरीज जाणवते. तरीही प्रत्येक उशीर आपली वेगळी खूण सोडतो आणि ती खूण घरातल्या साधनांनी ओळखता येते.

टीव्ही चित्र का अडवून ठेवतो

हे सगळे मिलिसेकंदात मोजतात. सेकंदाला 60 फ्रेम म्हणजे एक फ्रेम सुमारे 16.7 मिलिसेकंदांची. आजचा टीव्ही आलेली फ्रेम जशीच्या तशी पडद्यावर टाकत नाही. तो ती आधी स्मृतीत साठवतो, आकार पडद्याला जुळवतो, कडा धारदार करतो, रंग आणि उजेड ठरवतो, चित्रातला खरखरीतपणा पुसतो. या प्रत्येक कामाला वेळ लागतो. त्यातले सर्वांत महाग काम हालचाल गुळगुळीत करण्याचे आहे. त्यात टीव्ही दोन खऱ्या फ्रेमच्या मध्ये स्वतः बनवलेली तिसरी फ्रेम घालतो. मधली फ्रेम बनवायची तर पुढची हाती असावी लागते, म्हणून टीव्हीला पुढची फ्रेम येईपर्यंत आधीची रोखून धरावी लागते. हा उशीर त्या युक्तीच्या मुळातच आहे, चिप कितीही वेगवान असली तरी तो पूर्ण जात नाही.

चित्रपट किंवा क्रिकेटचा सामना पाहताना याचा कुणालाच त्रास होत नाही. चित्र एक दशांश सेकंद उशिरा आले तरी टीव्ही आवाजही तेवढाच थांबवतो, आणि प्रेक्षकाकडे ताडून पाहायला दुसरे काही नसते. खेळणाऱ्याकडे मात्र ताडून पाहायला स्वतःचा अंगठा असतो. तो कधी दाबला हे त्याला पक्के ठाऊक असते. त्यामुळे जो टीव्ही सिनेमासाठी उत्तम, तोच खेळासाठी सुस्त ठरू शकतो.

यावरचा उपाय टीव्हीतच असतो, त्याचे नाव गेम मोड. तो लावला की टीव्ही वरची बहुतेक कामे सोडून देतो. नेहमीच्या चित्र-मोडमध्ये पुष्कळ टीव्ही 50 ते 100 मिलिसेकंद आणि काही त्याहूनही अधिक वेळ घेतात. गेम मोडमध्ये अलीकडचे चांगले टीव्ही 60 हर्ट्झला 10 ते 20 मिलिसेकंदांवर येतात. यापेक्षा फार खाली जाताच येत नाही, कारण पडदा वरून खाली रेघ-रेघ करत भरतो आणि त्यालाच जवळजवळ पूर्ण 16.7 मिलिसेकंद लागतात. म्हणून पडद्याच्या मध्यभागी मोजले तर सुमारे 8 मिलिसेकंद केवळ या भरण्यातच जातात.

इथे खरेदीच्या वेळी होणारी एक गल्लत सांगायला हवी. खोक्यावर ‘1 मिलिसेकंद’ असे छापलेले असते, पण तो बहुधा रिस्पॉन्स टाइम असतो, म्हणजे एका ठिपक्याला रंग बदलायला लागणारा वेळ. तो जास्त असेल तर हलत्या वस्तूमागे पुसट शेपूट दिसते. चित्र किती वेळ आत अडकून होते याबद्दल तो आकडा काहीच सांगत नाही. 1 मिलिसेकंदाचा पडदा आणि 100 मिलिसेकंदांचा इनपुट लॅग एकाच टीव्हीत सुखाने नांदू शकतात.

नोव्हेंबर 2017 मध्ये जाहीर झालेल्या एचडीएमआय 2.1 मध्ये यासाठी एक सोय आली, तिचे नाव ऑटो लो लेटन्सी मोड. खेळ सुरू होताच कन्सोल टीव्हीला तसा संकेत देतो आणि टीव्ही आपणहून गेम मोडवर जातो. मात्र कन्सोल, टीव्ही आणि मध्ये असलेला साउंडबार किंवा रिसीव्हर या सगळ्यांना हा संकेत कळला पाहिजे. जुन्या टीव्हीत गेम मोड बहुधा प्रत्येक एचडीएमआय सॉकेटसाठी वेगळा लावावा लागतो. म्हणूनच साफसफाईत वायर पहिल्या सॉकेटमधून दुसऱ्यात गेली की खेळ एका रात्रीत जड होतो आणि कुणाला कारण उमगत नाही.

टीव्हीच्या उशिराची खूण अशी: तो कायम असतो आणि सारखा असतो. सकाळी तेवढाच, रात्री तेवढाच. खेळात तेवढाच आणि कन्सोलच्या मुख्य मेन्यूत एका चौकोनावरून दुसऱ्यावर जातानाही तेवढाच.

कंट्रोलरचा वाटा

कंट्रोलरवर शंका घेतली जाते तितका तो सहसा दोषी नसतो. चांगला वायरलेस कंट्रोलर काही मोजक्या मिलिसेकंदांत खबर पोहोचवतो, आणि त्यापुढे टीव्हीची एक फ्रेमसुद्धा मोठी असते. तो बिघडतो तेव्हा बिघाडाची जात वेगळी असते: उशीर सारखा नसतो, अधूनमधून येतो.

प्लेस्टेशनचे कंट्रोलर ब्लूटूथवर चालतात आणि ब्लूटूथ 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलते. त्याच पट्ट्यात जुने वायफाय, वायरलेस माऊस आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही असतात. ही गर्दी टाळण्यासाठी ब्लूटूथ 79 वाहिन्यांवर सेकंदाला 1600 वेळा उड्या मारत राहते. तरीही एखादी खबर वाटेत हरवते आणि पुन्हा पाठवावी लागते. मग दहा वेळा बटण लगेच लागते, अकराव्यांदा उशिरा लागते आणि कधी लागतच नाही. राउटर कन्सोलला चिकटून ठेवलेला असेल, कन्सोल लाकडी कपाटात बंद असेल किंवा बॅटरी संपत आली असेल, तर हे वाढते. आणखी एक अनपेक्षित गुन्हेगार म्हणजे यूएसबी 3 ची बाहेरची हार्ड डिस्क. तिच्या वायरीतून 2.4 गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओ गोंगाट बाहेर पडतो हे इंटेलने 2012 मध्ये मोजून दाखवले होते. डिस्क कन्सोलच्या मागे वितभर दूर सरकवल्याने कंट्रोलर सुधारल्याचे दिसले, तर कारण हेच.

वायर लावून पाहणे ही सरळ चाचणी, पण तिच्यात एक खाच आहे. पीएस5 ला वायर जोडली तरी संपर्काची पद्धत ब्लूटूथवर ठेवलेली असेल, तर त्या वायरीतून फक्त चार्जिंग होते. ॲक्सेसरीजच्या सेटिंगमध्ये जाऊन संपर्क यूएसबी केबलवर आणल्याखेरीज चाचणीला अर्थ नाही.

दुसरी एक तक्रार कंट्रोलरवर येते, पण ती वेळेची नसते. बटणे झटकन लागतात आणि फक्त स्टिकने मान वळवताना जडपणा जाणवतो. तेव्हा बहुधा डेड झोन मोठा असतो, म्हणजे स्टिक मधून किती सरकेपर्यंत खेळाने दुर्लक्ष करायचे ते अंतर. किंवा वळण्याचा वेग हळूहळू वाढेल असे खेळाने ठरवलेले असते. हे खेळाच्या सेटिंगमध्ये बदलता येते. बटण आणि स्टिक वेगवेगळे तपासावेत ते याचसाठी.

नेटवर्कचा उशीर अंगठ्याला का कळत नाही

आता या विषयातली सर्वांत नवलाची गोष्ट. नेमबाजीच्या बहुतेक ऑनलाइन खेळांत इंटरनेट कितीही संथ असले तरी तुमची स्वतःची मान उशिरा वळत नाही.

हे आपोआप झालेले नाही. 1996 मध्ये ‘क्वेक’ हा खेळ आला तेव्हा इंटरनेटवरून खेळताना प्रत्येक पाऊल आधी सर्व्हरकडे जायचे, तिथे ठरायचे आणि परत आल्यावरच पडद्यावर दिसायचे. त्या काळच्या डायल-अप मोडेमवर या फेरीला दोनशे-तीनशे मिलिसेकंद सहज लागत. खेळ करणारे जॉन कारमॅक यांनी त्याच वर्षी ‘क्वेकवर्ल्ड’ ही आवृत्ती काढून रीतच बदलली. बटण दाबताच तुमच्या घरचे यंत्र स्वतःच अंदाज करते आणि तुम्हाला पुढे सरकवते, सर्व्हरची वाट पाहत नाही. मागाहून सर्व्हरचे उत्तर येते. ते अंदाजाशी जुळले तर काहीच दिसत नाही, जुळले नाही तर तुम्हाला खेचून योग्य जागी नेले जाते. पुढे ‘हाफ-लाइफ’च्या चमूने यात भर घातली: तुम्ही गोळी झाडली त्या क्षणी तुमच्या पडद्यावर शत्रू कुठे होता हे सर्व्हर थोडे मागे जाऊन पाहतो आणि त्यावरून नेम लागला की नाही ते ठरवतो. 2001 मध्ये याह्न बर्नियर यांनी ही पद्धत सविस्तर मांडली. आजचे नेमबाजीचे खेळ याच दोन युक्त्यांवर उभे आहेत.

म्हणून अशा खेळात नेटवर्कचा उशीर तुमच्या अंगठ्यात दिसत नाही, तो जगाशी तुमचा मेळ बसत नाही अशा रूपाने दिसतो. इतर खेळाडू इथून एकदम तिथे उगवतात. तुम्ही चालता चालता चार पावले मागे खेचले जाता. गोळी लागल्याची ठिणगी दिसते, पण शत्रूची ताकद उशिरा कमी होते किंवा होतच नाही. भिंतीआड पोहोचल्यावर तुम्ही मरता, कारण झाडणाऱ्याच्या पडद्यावर तुम्ही अजून उघड्यावर होता. या खुणा दिसत असतील तर टीव्ही बदलून उपयोग नाही. आणि यातले काहीच दिसत नसेल, फक्त मान आणि बंदूक जड वाटत असेल, तर इंटरनेटचा प्लॅन बदलून उपयोग नाही.

जिथे ही ओळख फसते

काही खेळांत मात्र नेटवर्कचा उशीर थेट बटणात उतरतो, आणि तो हुबेहूब टीव्हीच्या उशिरासारखा वाटतो.

पहिला प्रकार मारामारीच्या खेळांचा. जुन्या पद्धतीत दोन्ही घरची यंत्रे एकमेकांच्या बटणांची वाट पाहतात, म्हणून तुमचा ठोसा मुद्दामच काही फ्रेम उशिरा मारला जातो. त्याला उत्तर म्हणून टोनी कॅनन यांनी जीजीपीओ ही पद्धत तयार केली, तिला रोलबॅक म्हणतात. तीत तुमचा ठोसा लगेच मारला जातो, समोरच्याच्या चालीचा अंदाज केला जातो आणि अंदाज चुकला तर खेळ काही फ्रेम मागे नेऊन पुन्हा मांडला जातो. 2023 चा ‘स्ट्रीट फायटर 6’ याच पद्धतीचा आहे. म्हणून तिथे वाईट जोडणीत बटण जड होण्याऐवजी चित्र उड्या मारते.

दुसरा प्रकार सेना हलवण्याच्या खेळांचा. 1997 च्या ‘एज ऑफ एम्पायर्स’मध्ये दिलेला हुकूम लगेच पाळला जात नसे, तो दोन ‘पाळ्या’ पुढे लावला जाई आणि एक पाळी साधारण 200 मिलिसेकंदांची असे. तो खेळ करणाऱ्यांना एक उपयोगी गोष्ट आढळली. उशीर सारखा राहिला तर खेळाडू अर्ध्या सेकंदाशीही जुळवून घेत. कधी झटपट आणि कधी संथ अशा खेळावर मात्र ते चिडत. सारखा उशीर हाताला सवयीचा होतो, बदलता होत नाही. टीव्हीचा दोष वर्षानुवर्षे लक्षात न येण्याचे कारणही बहुधा यातच आहे.

तिसरा प्रकार क्लाउड गेमिंगचा. तिथे खेळच दूरच्या केंद्रात चालतो आणि तुमच्याकडे फक्त चित्र येते. मग इंटरनेटचा प्रत्येक मिलिसेकंद बटण आणि पडदा यांच्यामध्ये येतो आणि अंदाजाची युक्ती चालत नाही.

अशा खेळांत खुणांवर विसंबू नये. तिथे एकच प्रश्न विचारावा: हाच खेळ इंटरनेट बंद करून, संगणकाविरुद्ध खेळलो तर उशीर जातो का? गेला, तर दोष घराबाहेरचा किंवा राउटरचा. राहिला, तर खोलीतला. क्लाउडवरच्या खेळात हेही शक्य नाही, म्हणून तिथे त्याच टीव्हीवर कन्सोलमध्येच चालणारा दुसरा एखादा खेळ लावून पाहावा.

फोनच्या कॅमेऱ्याने मोजणी

संशय खरा की मनाचा, हे ठरवायला आकडा लागतो. ‘टोनी हॉक’ मालिका करणाऱ्या नेव्हरसॉफ्टचे एक संस्थापक मिक वेस्ट यांनी 2008 च्या सुमारास एक साधी रीत लोकांपुढे ठेवली: कंट्रोलर आणि पडदा एकाच चौकटीत धरून चित्रण करायचे आणि बोट व पडदा यांच्यामधल्या फ्रेम मोजायच्या. तेव्हा 60 फ्रेमचा कॅमेरा वापरावा लागे. आज बऱ्याच फोनमध्ये 240 फ्रेमचे स्लो-मोशन मिळते आणि एक फ्रेम 4.17 मिलिसेकंदांची पडते. काही फोन मधल्या फ्रेम स्वतः रचून जास्त मोठा आकडा दाखवतात, ते चालत नाही.

फोन टेकवून ठेवावा, अंगठा आणि पडदा दोन्ही स्पष्ट दिसावेत. अशी क्रिया निवडावी जिचा परिणाम पहिल्याच फ्रेमला दिसतो: बंदुकीच्या नळीतली ठिणगी किंवा मेन्यूतली सरकती चौकट. उडी नको, कारण खेळाडू आधी गुडघे वाकवतो आणि तेवढा वेळ उगाच मोजला जातो. नेहमी पडद्यावरच्या एकाच जागी पाहावे, कारण वरची कड खालच्या कडेच्या जवळजवळ एक फ्रेम आधी भरते. चित्रण संगणकावर व्हीएलसी प्लेअरमध्ये उघडले की `E` कळ दर दाबण्याला एक फ्रेम पुढे नेते. बटण पूर्ण खाली गेलेली फ्रेम ते पडदा बदललेली फ्रेम, एवढे मोजायचे. एकाच मोजणीवर थांबू नये. बटण खेळाच्या फ्रेमच्या सुरुवातीला पडले की शेवटी, यावरच एका फ्रेमचा, म्हणजे 16.7 मिलिसेकंदांपर्यंतचा फरक पडतो. दहा वेळा दाबून सरासरी घ्यावी.

आता एक उदाहरण धरू. पुण्यातल्या एका घरात पीएस5, काही वर्षांपूर्वीचा 4के टीव्ही आणि 60 फ्रेमचा नेमबाजीचा खेळ आहे. तक्रार अशी की खेळ नेहमीच थोडा जड असतो आणि रात्री असह्य होतो. पहिली मोजणी इंटरनेट बंद करून, सरावाच्या मैदानात, टीव्ही ‘स्टँडर्ड’ मोडवर ठेवून केली. सरासरी 40 फ्रेम आली, म्हणजे 167 मिलिसेकंद. दुसरी मोजणी सगळे तसेच ठेवून फक्त गेम मोड लावून केली. या वेळी 22 फ्रेम, म्हणजे 92 मिलिसेकंद. तिसरी मोजणी गेम मोडवरच, पण कंट्रोलर खरोखरीच्या यूएसबी जोडणीवर: 21 फ्रेम, म्हणजे 88 मिलिसेकंद. चौथी पुन्हा वायरलेस, पण इंटरनेट चालू करून खऱ्या सामन्यात: 22 फ्रेम.

या चार आकड्यांतून काय निघते? 92 मिलिसेकंदांत खेळाचा वाटा किती, कन्सोलचा किती, पडद्याचा किती, हे या चित्रणातून सांगता येत नाही. सांगता येतो तो फरक. पहिल्या दोन मोजण्यांत बदलला फक्त टीव्हीचा मोड, म्हणून मधले 75 मिलिसेकंद टीव्हीच्या माथी. कंट्रोलरचा फरक एका फ्रेमचा आहे आणि दहा मोजण्यांतला चढउतारच त्याहून मोठा असतो, म्हणून कंट्रोलर निर्दोष. इंटरनेट चालू-बंद केल्याने ठिणगीच्या वेळेत काहीच बदल झाला नाही, म्हणजे खेळ अंदाजाच्या रीतीने चालतो आणि नेटवर्कचा उशीर अंगठ्यात येत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, म्हणजे अज्ञात वाटे वजाबाकीत आपोआप कटतात. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर मोजणी वाया जाते.

‘नेहमीच थोडा जड’ ही अर्धी तक्रार इथे मिटली. ‘रात्री असह्य’ ही अर्धी उरली, आणि तिची जात वेगळी आहे: ती वेळेनुसार बदलते.

रात्रीचा उशीर

बदलत्या उशिरासाठी कॅमेऱ्याचा उपयोग नाही, तिथे पिंग वापरावी. हा छोटा प्रोग्रॅम माइक मूस यांनी डिसेंबर 1983 मध्ये लिहिला आणि आजही तो जवळजवळ प्रत्येक संगणकात असतो. कन्सोल ज्या राउटरवर आहे त्याच राउटरवर लॅपटॉप जोडावा. विंडोजमध्ये `ipconfig` लिहिले की `Default Gateway` पुढे राउटरचा पत्ता दिसतो, बहुधा 192.168 ने सुरू होणारा. मग पहिल्या आज्ञेत तो पत्ता घालून दोन खिडक्यांत एकाच वेळी या दोन आज्ञा चालवाव्यात:

```
ping -n 100 192.168.1.1
ping -n 100 8.8.8.8
```

पहिली फक्त घरातल्या राउटरपर्यंत जाते, दुसरी घराबाहेर गूगलच्या सर्व्हरपर्यंत. पाहायचे ते सरासरीपेक्षा आकड्यांचा चढउतार. राउटरची पिंग एकदोन मिलिसेकंद असून मध्येच 80, 150 अशी उसळत असेल, तर दोष वायफायचा. तिथे कन्सोलला लॅनची वायर लावणे हाच खरा इलाज. राउटरची पिंग शांत असून फक्त दुसरी उसळत असेल, तर दोष राउटरमधून बाहेर जाणाऱ्या वाटेवर.

आपल्या उदाहरणातल्या घरात दुपारी राउटर 2 आणि बाहेरचा सर्व्हर 8 मिलिसेकंद दाखवतो. रात्री साडेनऊला राउटर 2 वरच राहतो आणि बाहेरचा आकडा 60 ते 200 मध्ये हेलकावे खातो. त्याच वेळी घरातला एक फोन दिवसभराचे फोटो आणि व्हिडिओ क्लाउडवर चढवत असतो. राउटरने रांगेत फार जास्त माल साठवून घेतल्याने हा उशीर होतो, याला बफरब्लोट म्हणतात. एक्सप्रेसवेच्या टोलनाक्यावर कंटेनरच्या रांगेत एखादी छोटी मोटार अडकावी, तसे खेळाचे इवलेसे पॅकेट व्हिडिओच्या ढिगामागे थांबते. फोनचा बॅकअप थांबवला आणि आकडा लगेच 8 वर आला, तर निदान पक्के. बॅकअप पहाटेवर ढकलावा, किंवा राउटरमध्ये सोय असेल तर अपलोडचा वेग मिळतो त्याच्या नव्वद टक्क्यांवर बांधून टाकावा, म्हणजे रांग लागत नाही.

इथेच जास्त वेगाच्या प्लॅनचा भ्रमही उलगडतो. नेमबाजीचा खेळ सेकंदाला एक मेगाबिटपेक्षाही कमी माहिती वापरतो. 100 चा प्लॅन 300 केला तर सिनेमा लवकर उतरतो, पण पॅकेटचा रस्ता जवळ होत नाही. रस्त्याचा हिशेब वेगळा आहे. प्रकाश काचेच्या तंतूतून सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते सिंगापूर सरळ अंतर साधारण 3900 किलोमीटर, म्हणजे जाऊन येऊन किमान 39 मिलिसेकंद, आणि केबल सरळ रेषेत नसल्याने प्रत्यक्षात त्याहून जास्त. फ्रँकफर्टसाठी किमान 65 च्या वर. ‘व्हॅलोरंट’चे सर्व्हर 2020 मध्ये मुंबईत आले तेव्हा महाराष्ट्रातल्या खेळाडूंची पिंग उतरली, ती याच कारणाने. म्हणून खेळाच्या सेटिंगमध्ये कोणता प्रदेश निवडला आहे हे एकदा पाहावे. चुकून सिंगापूर निवडलेले असेल, तर कोणताही प्लॅन ते अंतर कमी करू शकत नाही.

जे मोजणीत उरते

टीव्ही गेम मोडवर आहे, कंट्रोलर तपासला, पिंग शांत आहे, आणि तरी एखादाच खेळ जड वाटतो. मग तो त्या खेळाचा स्वभाव आहे. 30 फ्रेमच्या खेळात एक फ्रेम 33 मिलिसेकंदांची असते आणि बटण वाचण्यापासून चित्र निघेपर्यंत अशा दोन-तीन फ्रेम जातात, म्हणून तोच कन्सोल आणि तोच टीव्ही असूनही तो 60 फ्रेमच्या खेळापेक्षा सुस्त लागतो. खेळात ‘परफॉर्मन्स’ असा पर्याय असेल तर तो निवडावा. चित्राची बारकाई थोडी कमी होते, पण फ्रेम दुप्पट होतात.

आवाजही फसवतो. ब्लूटूथ हेडफोनमध्ये आवाज दीड-दोनशे मिलिसेकंद मागे पडणे सामान्य आहे. ठिणगी वेळेवर दिसते, पण धडाका उशिरा ऐकू येतो आणि सगळा खेळच मागे पडल्याचा भास होतो. हेडफोन काढून टीव्हीच्या स्पीकरवर खेळून पाहिले की हा भास उलगडतो. 2008 च्या ‘रॉक बँड 2’ने चित्राचा आणि आवाजाचा उशीर वेगवेगळा मोजण्यासाठी आपल्या गिटारमध्येच प्रकाश ओळखणारा सेन्सर आणि मायक्रोफोन बसवला होता. गिटार टीव्हीसमोर धरली की खेळ स्वतःच दोन्ही उशीर मोजून घेई आणि सूर-ताल त्याप्रमाणे सरकवी.

तपासणीचा क्रम खर्चावरून ठरवावा. गेम मोड लावणे, इंटरनेट बंद करून खेळून पाहणे, सर्व्हरचा प्रदेश पाहणे आणि घरातले अपलोड थांबवणे यांना एक पैसाही लागत नाही. लॅनची वायर शेदोनशे रुपयांत येते. नवा कंट्रोलर, नवा राउटर आणि नवा टीव्ही यांचा विचार त्यानंतर, आणि तोही मोजणीत ज्याचा फरक ठळक दिसला त्याच्यापुरताच.